मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी: थांबायचं की प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घ्यायचं, हे पायरीपायरीने कसं ठरवतात

तात्या ५२ वर्षांचे आहेत, वजन ७४ किलो. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब बघतात. दिवाळीनंतर संध्याकाळी चप्पल पायात जाईना. सकाळी डोळ्यांखाली सूज दिसायची आणि लघवीला साबणासारखा फेस यायचा, तो बराच वेळ तसाच राहायचा. तपासण्या झाल्या. चोवीस तासांच्या लघवीतून ६.२ ग्रॅम प्रथिनं जात होती. निरोगी माणसात ती १५० मिलिग्रॅमच्याही आत असतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.६ होतं, कोलेस्टेरॉल ३१०, रक्तदाब १४६/९०. क्रिएटिनिन मात्र ०.९, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद शाबूत होती. आणि अँटी-पीएलएटूआर या अँटिबॉडीचा आकडा आला ८६.

थोरल्या मुलाने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, "डॉक्टर, आजार सापडलाय, मग औषध का सुरू करत न्हाईसा?"

हा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. तात्या म्हणजे कुणी एक खरा माणूस नाही. ओपीडीत भेटणाऱ्या अनेकांवरून हे उदाहरण बांधलंय आणि आकडे समजावून सांगायला सोयीचे घेतलेत. पण प्रश्न अगदी याच शब्दांत येतो.

आधी ही अँटिबॉडी म्हणजे काय

मूत्रपिंडात लाखो बारीक चाळण्या असतात. चाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्यावर पीएलएटूआर नावाचं प्रथिन असतं. या आजारात शरीर त्याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. त्या चाळणीवर जाऊन बसतात, तिथे गाळ साचतो, पडदा जाड होतो आणि अल्ब्युमिन लघवीतून गळायला लागतं. पडद्यावरून, म्हणजे मेम्ब्रेनवरून, आजाराचं नाव पडलं.

ही अँटिबॉडी २००९ साली सापडली. दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न झालेल्या, म्हणजे प्राथमिक मेम्ब्रेनसच्या दहापैकी साधारण सात ते आठ रुग्णांत ती मिळते. त्यापूर्वी बायोप्सीशिवाय हा आजार ओळखता येत नव्हता आणि आत जाळ वाढतोय की विझतोय हे कळायलाही लघवीखेरीज मार्ग नव्हता. लघवी ही बातमी फार उशिरा देते.

पहिली पायरी: रिपोर्ट नीट वाचा

ही तपासणी दोन पद्धतींनी होते. एलायझामध्ये आकडा मिळतो. नेहमीच्या किटमध्ये १४ च्या खाली निगेटिव्ह, १४ ते २० काठावर आणि २० किंवा वर पॉझिटिव्ह धरतात. दुसरी पद्धत इम्युनोफ्लोरोसन्सची. तिच्यात "पॉझिटिव्ह, १:१००" असं लिहून येतं. आजार ओळखायला दोन्ही चालतात, पण पुढे महिनोन्‌महिने तुलना करायची तर एलायझाचाच आकडा हवा. नमुना बऱ्याच वेळा कुरियरने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातो. तो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत जाईल एवढं बघा, नाहीतर ८६ चे ६० झाले ते आजार उतरल्यामुळे की किट बदलल्यामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. एलायझा काठावर किंवा निगेटिव्ह आली आणि संशय दाट असला, तर इम्युनोफ्लोरोसन्स करून खात्री करतात.

अँटिबॉडी पॉझिटिव्ह, मूत्रपिंडाचं काम व्यवस्थित, मधुमेह नाही, दुसरं कारण दिसत नाही, असं चित्र असेल तर बायोप्सीशिवाय निदान पक्कं धरता येतं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हे मान्य केलंय. तात्या त्यात बसले आणि त्यांची सुई टळली. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल, लघवीत रक्तपेशी बऱ्याच असतील, ल्युपसची एएनए तपासणी पॉझिटिव्ह असेल किंवा अँटिबॉडी निगेटिव्ह असेल, तर बायोप्सी टाळू नये. अँटिबॉडी निगेटिव्ह येणं म्हणजे आजार नाही असं नव्हे.

दुसरी पायरी: आजार कुठून आला ते शोधा

हिपॅटायटिस बी, ल्युपस, काही कर्करोग आणि गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या यांच्यामुळेही चाळणीला हाच विकार होतो. म्हणून तात्यांची हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही आणि एएनए तपासणी झाली, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी झाली. वय आणि लक्षणं बघून कर्करोगाच्या बाकी तपासण्या ठरवतात. ते गुडघ्यासाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घ्यायचे, ते कायमचं बंद केलं.

एक कारण मात्र रुग्ण आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना ते औषध वाटत नाही. पारा. पारा असलेली भस्मं, गावोगावी मिळणाऱ्या पुड्या आणि चेहरा गोरा करणारी, बिनलेबलची क्रीम. पाऱ्यामुळे होणाऱ्या मेम्ब्रेनसमध्ये पीएलएटूआर बहुधा निगेटिव्ह असते आणि बायोप्सीत नेल-वन नावाचं वेगळं प्रथिन सापडतं. केरळमधल्या डॉक्टरांनी असे १५ नेल-वनचे रुग्ण नोंदवले, त्यांतले १३ गोरेपणाची क्रीम लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार उतरला. तरुण मुलगी सुजून आली आणि अँटिबॉडी निगेटिव्ह असली, की मी पहिल्यांदा तिच्या क्रीमची डबी बघायला मागतो. रागावून विचारलं तर डबी घरीच राहते, म्हणून हा प्रश्न आईसमोर न विचारता एकटीला विचारावा. वैद्यांची वा मांत्रिकाची पुडी असेल तर तीही कागदासकट आणायला सांगावी. इथे कारण काढलं की बहुधा तेच उपचार ठरतात, प्रतिकारशक्ती दाबायची गरज सहसा पडत नाही.

तिसरी पायरी: वाट बघायची म्हणजे नेमकं काय करायचं

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. उपचार न करताही या आजाराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत अँटिबॉडी आपोआप ओसरते आणि प्रथिनं गळणं कमी होतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं ताकदवान आहेत, पण जंतुसंसर्गापासून वंध्यत्वापर्यंत त्यांची किंमत मोजावी लागते. जो आपसूक बरा होणार होता, त्याला ती किंमत का मोजायला लावायची? म्हणून मूत्रपिंडाचं काम ठीक असेल आणि जिवाला धोका नसेल, तर साधारण सहा महिने पूर्ण जोमाने आधाराचे उपचार करून बघतात.

या सहा महिन्यांत औषधं चालूच असतात. तात्यांना टेल्मिसार्टन सुरू झालं. त्याने रक्तदाब उतरतो आणि चाळणीवरचा दाब कमी होऊन प्रथिनंही कमी गळतात. सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणी पोटात ठरेना, तर ही गोळी आणि सूज उतरवणारी गोळी तात्पुरती थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. सुजेसाठी टॉर्सेमाइड, कोलेस्टेरॉलसाठी अटोर्व्हास्टॅटिन. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी, एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे.

खरी लढाई मिठाशी असते. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, याच्या आत राहायचं. कोल्हापुरात हे सांगणं सोपं नाही, हे मला कळतं. तांबडा-पांढरा सोडा असं मी म्हणत नाही, पण वाटीभर रस्स्यात मीठ किती आहे ते घरात शिजवणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे. मिसळीवरचं फरसाण, लोणचं, पापड, खर्डा आणि वर्षभराची कांदा-लसूण चटणी, जिच्यात मीठ आधीच पडलेलं असतं, यांनी हिशेब बिघडतो. मीठ जास्त असलं की टेल्मिसार्टनचा परिणामही कमी होतो आणि "गोळी लागू पडत नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

प्रथिनं गळतायत म्हणून प्रथिनं जास्त खावीत असं सगळ्यांना वाटतं. शेजारी पावडरीचे डबे आणून देतात, तालमीतला मित्र अंडी वाढवायला सांगतो. जास्त खाल्लेली प्रथिनं चाळणीवरचा ताण वाढवतात आणि बरीचशी लघवीत जातात. किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम, म्हणजे तात्यांना दिवसाला साठ ते सत्तर ग्रॅम पुरेत.

आणि रक्ताच्या गुठळ्या. या आजारात हा धोका इतर मूत्रपिंड-विकारांपेक्षा जास्त असतो, कारण अल्ब्युमिनबरोबर रक्त पातळ ठेवणारी प्रथिनंही गळून जातात. अल्ब्युमिन २.५ च्या खाली गेलं की रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का, हे रक्तस्रावाचा धोका तोलून ठरवतात. तात्या २.६ वर, अगदी काठावर होते. त्यांच्या घरी मी तीन गोष्टी सांगून ठेवल्या. एकच पाय अचानक जास्त सुजून दुखू लागला, एकाएकी धाप लागली, किंवा कुशीत कळ येऊन लघवी लाल झाली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका, रात्र असली तरी इमर्जन्सीत या.

चौथी पायरी: चोवीस तासांची लघवी चुकली तर निर्णय चुकतो

यावर थोडा वेळ देतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सकाळी सहाला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, संडासला जातानाचीही, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची कॅनमध्ये घेऊन थांबायचं. अडतीवर दिवस काढणाऱ्या माणसाकडून दुपारच्या दोन लघव्या हमखास हुकतात. म्हणून रविवारी घरी असताना करा.

नमुना पुरा आहे का हे ओळखायची खूण आहे. त्याच कॅनमधलं क्रिएटिनिनही मोजायला सांगा. पुरुषात ते दिवसाला किलोमागे साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम निघतं, बाईत आणि वय झालेल्यात थोडं कमी. तात्यांच्या ७४ किलोला ११०० मिलिग्रॅमच्या वर यायला हवं. तिसऱ्या महिन्यात त्यांचं आलं ६२० आणि प्रथिनं ३ ग्रॅम. घरात पेढे आणायची तयारी झाली होती. नमुना अर्धाच होता. परत घेतला तेव्हा क्रिएटिनिन १२५० आणि प्रथिनं ५.५ ग्रॅम निघाली.

पाचवी पायरी: आकड्यांची दिशा वाचा

रक्त आणि लघवी तर तपासायचीच, पण या काळात अँटिबॉडीही दर तीन महिन्यांनी करावी. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या बाजूला चाललाय हे जास्त सांगतं. तात्यांचा पहिला ८६ हा मोठाच होता. आकडा ५० च्या वर असेल तर आपोआप बरं होण्याची शक्यता कमी असते. तरी त्या एका आकड्यावर मी औषध सुरू केलं नाही. तीन महिन्यांनी तो ६१ झाला.

लघवी अजून साडेपाच ग्रॅमवर असताना मी समाधानी का होतो, हे मुलाला पटेना. त्याला मी असं सांगितलं: अँटिबॉडी म्हणजे चुलीतला जाळ, लघवी म्हणजे वर ठेवलेली काहिल. गुऱ्हाळात जाळ ओढून काढला तरी काहिल बराच वेळ रटरटत राहते. अँटिबॉडी ओसरली की चाळणीची डागडुजी सुरू होते आणि लघवी साफ व्हायला आणखी सहा महिने ते वर्ष, कधी जास्तही लागतं. उलटही खरं आहे. लघवी तीच, पण जाळ वाढलेला, तर पुढचे महिने वाईट असणार.

आता सहाव्या महिन्याच्या दोन वाटा बघा.

पहिली वाट: अँटिबॉडी १७, प्रथिनं २.९ ग्रॅम, अल्ब्युमिन ३.३, क्रिएटिनिन ०.९. प्रथिनं निम्म्याहून खाली आणि साडेतीन ग्रॅमच्या आत आली, जाळ विझत आलाय. इथे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देणं चूक ठरेल. आधाराचे उपचार तसेच ठेवून दर तीन महिन्यांनी बघायचं.

दुसरी वाट: अँटिबॉडी १४०, प्रथिनं ७.४ ग्रॅम, अल्ब्युमिन २.२, क्रिएटिनिन १.०. प्रथिनं साडेतीनच्या वर आहेत, निम्मीही झाली नाहीत. त्यात अल्ब्युमिन २.५ च्या खाली आणि अँटिबॉडी ५० च्या वर. हा मोठ्या जोखमीचा गट झाला, आता थांबणं म्हणजे चाळण्या गमावणं. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा निर्णयही त्याच दिवशी घ्यायचा.

दोन्हींच्या मधला रुग्णही असतो: प्रथिनं ४.५, अल्ब्युमिन २.९, अँटिबॉडी ३५ वर रेंगाळलेली. त्याच्या बाबतीत आणखी तीन महिने थांबणंही योग्य आणि औषध देणंही योग्य. वय, नोकरी, सुजेचा त्रास आणि त्याची स्वतःची इच्छा यांवर ठरवावं.

सहा महिने ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. दुसरं कारण नसताना क्रिएटिनिन चढायला लागलं, गुठळी झाली किंवा सूज जिवावर बेतली, तर पहिल्याच महिन्यात औषध सुरू करावं लागतं. तीन महिन्यांत अँटिबॉडी दुप्पट आणि अल्ब्युमिन घसरतंय असं असेल तरी मी सहावा महिना उजाडायची वाट बघत नाही.

सहावी पायरी: औषध निवडणं

तात्या दुसऱ्या वाटेने गेले असं धरू. त्यांच्यापुढे मुख्य तीन पर्याय.

रिटुक्सिमॅब: अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची मुळं असलेल्या बी-पेशी काढून टाकतं. सलाईनमधून एक ग्रॅम, दोन आठवड्यांनी पुन्हा एक ग्रॅम. २०१९ च्या मेंटॉर अभ्यासात दोन वर्षांनी रिटुक्सिमॅब घेतलेल्यांपैकी ६० टक्के रुग्णांत आजार आटोक्यात होता, सायक्लोस्पोरिन घेतलेल्यांत २० टक्के. औषध चढताना थंडी, ताप, पुरळ येऊ शकते, म्हणून ते सावकाश देतात. देण्यापूर्वी हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या हव्यातच, पृष्ठभागावरचा अँटिजेन आणि अँटी-एचबीसी. जुना, झोपलेला विषाणू या औषधाने जागा होऊन यकृत निकामी करू शकतो. क्षयरोगाची तपासणी आणि न्यूमोनिया व फ्लूची लस शक्यतो आधी उरकावी, कारण नंतर लस नीट लागू पडत नाही. लघवीतून प्रथिनं फार गळत असतील तर हे औषधही गळून जातं आणि दोन मात्रा कमी पडतात. ते कळतं अँटिबॉडीच्या तीन आणि सहा महिन्यांच्या आकड्यावरून.

सायक्लोफॉस्फमाइड आणि स्टिरॉइड आलटूनपालटून सहा महिने: जुना पण भक्कम उपचार. आपल्या देशातलाच पुरावा आहे. चंदीगडच्या डॉक्टरांनी ९३ रुग्णांना दहा वर्षं पाहिलं आणि २००७ साली निष्कर्ष छापले. उपचार घेतलेल्या ४७ पैकी ३४ जणांचा आजार आटोक्यात आला, फक्त आधाराचे उपचार घेतलेल्या ४६ पैकी १६ जणांचा. मूत्रपिंडाचं काम वेगाने घसरत असेल तर मी हाच निवडतो, आणि तो स्वस्तही आहे. पण हिशेब करा: ७४ किलोला रोज सुमारे १५० मिलिग्रॅम, तीन महिन्यांचे नव्वद दिवस, म्हणजे साडेतेरा ग्रॅम. दहा ग्रॅमच्या पुढे मूल होण्याच्या क्षमतेला धोका वाढतो. तात्यांना तो प्रश्न नाही. अठ्ठावीस वर्षांच्या पैलवानाला मात्र आधी शुक्राणू साठवण्याबद्दल सांगावंच लागतं, बाईशी गर्भधारणेबद्दल बोलावंच लागतं. दर दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि ताप आला की त्याच दिवशी दाखवायचं.

टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन: प्रथिनं लवकर कमी होतात, पण बंद केल्यावर आजार बऱ्याच जणांत उलटतो. रक्तातली पातळी मोजत राहावी लागते आणि ते घेताना पपनस खाऊ नये, त्याने पातळी चढते.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. नुसत्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी हा आजार आटोक्यात येत नाही. "सूज आहे, स्टिरॉइड द्या" म्हणून महिनोन्‌महिने त्याच चालू असलेले रुग्ण अजून येतात, साखर वाढवून. तुमच्या चिठ्ठीवर तेवढंच असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. मात्र गोळ्या स्वतःहून एकदम तोडू नका.

खर्चासाठी, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात गेलात तर तिथल्या आरोग्यमित्राला औषध सुरू व्हायच्या आधीच भेटा. नंतर कागद जुळवणं अवघड जातं.

सातवी पायरी: औषधानंतर काय बघायचं

रिटुक्सिमॅबनंतर तीन महिन्यांनी तात्यांची अँटिबॉडी १४० वरून २२ वर आली, प्रथिनं मात्र ६.१ ग्रॅम. तोच मुलगा काळजीने म्हणाला, "इंजेक्शन वाया गेलं म्हणायचं काय?" वाया गेलं नाही, काहिल अजून निवायची होती. सहाव्या महिन्यात अँटिबॉडी निगेटिव्ह आणि प्रथिनं ३.८ झाली. रिटुक्सिमॅब पुन्हा न देता थांबलो. वर्षअखेर १.४ ग्रॅम आणि अल्ब्युमिन ३.७. उलट सहाव्या महिन्यातही अँटिबॉडी ९० वर अडून राहिली असती, तर पुन्हा रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड असा विचार केला असता. आणि अँटिबॉडी निगेटिव्ह होऊन वर्षानंतरही प्रथिनं तीन ग्रॅमवर थिजलेली, अल्ब्युमिन चांगलं, असं असतं तर ते बहुधा चाळणीवर राहिलेले व्रण असतात. त्यावर प्रतिकारशक्ती दाबून काही मिळत नाही.

पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी लघवी आणि अँटिबॉडी. दोन वर्षांनी कधी लघवी साफ असताना अँटिबॉडी एकदम २८ आली, तर घाबरून औषध सुरू करायचं नाही. त्याच प्रयोगशाळेतून दोन महिन्यांनी परत करायची, मीठ आणि रक्तदाब तपासायचा, वजनाची वही पुन्हा उघडायची. दुसरा आकडा १५ आला तर नेहमीच्या तारखेला या. ५० च्या पुढे गेला आणि फेसही परतला, तर पहिल्या पायरीपासून सगळं पुन्हा मोजायचं, जुनी फाइल सोबत घेऊन.